हवामान इशारा, बाजारभाव आणि पीकसल्ला फोनवर: शेतकरी गटाची बैठक कशी घ्यावी

गटातल्या बहुतेकांच्या फोनवर हवामानाचे मेसेज येतात, भाव येतात, अधूनमधून रेकॉर्ड केलेला आवाजही येतो. तरी सुडी भिजते, माल चुकीच्या दिवशी बाजारात जातो आणि औषध दुप्पट पडते. असे का होते हे गटात बसून विचारले की कारणे तीच ती निघतात. नोंदवलेला नंबर भलत्याचाच असतो, मेसेजमधल्या शब्दाचा अर्थ उलटा लावलेला असतो, किंवा फोन करून सल्ला विचारताना अर्धी माहितीच दिलेली नसते.

हा लेख गटाला हे समजावून सांगणाऱ्यांसाठी आहे: कृषी सहाय्यक, शेतकरी उत्पादक कंपनीचे कर्मचारी, गटाचे अध्यक्ष, गावातली शिकलेली मुलं. उदाहरण म्हणून लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातला सोयाबीनचा गट घेतला आहे. वेळ ऑक्टोबरचा पहिला आठवडा, काढणी सुरू. पीक दुसरे असले तरी क्रम हाच ठेवा, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

## टप्पा १: बैठकीच्या चार दिवस आधीची तयारी

दिवस आणि वेळ. भारतीय हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठे यांचा जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. म्हणून बैठक मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी ठेवा, म्हणजे ताजा सल्ला हातात असेल. जुन्या पत्रकावर बैठक घेतली तर लोक ऐकून घेतात, पण उद्या शेतात काय करायचे हे त्यांना ठरवता येत नाही. मराठवाड्यासाठी हे पत्रक परभणीच्या विद्यापीठाकडून येते. मेघदूत ॲपवर जिल्हा निवडला की मराठीतही वाचता येते.

नंबरांची यादी. गटाची नोंदणी कृषी विभागाकडे, कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कंपनीकडे, जिथे झाली असेल तिथून यादी मागवा. नाव, गाव, पीक आणि नंबर हे चार रकाने एकेक करून तपासा. फॉर्म भरताना सेवा केंद्रवाल्याने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा. मुलगा मेसेज वाचतो, पण रानात तो नसतो. पिकाचा रकाना रिकामा असेल तर सोयाबीनवाल्याला उसाचे सल्ले येत राहतात आणि महिन्याभरात तो फोन उचलणे बंद करतो.

घरातला फोन कोणाकडे असतो? हा प्रश्न प्रत्येक घराला विचारा. काढणी, निंदणी, वेचणी ही कामे बायकांच्या हातात असतात आणि नोंदवलेला नंबर मात्र सकाळी दूध घालायला तालुक्याला गेलेल्या माणसाचा असतो. शक्य तिथे एका घरातून दोन नंबर घ्या. सेवा एकच नंबर घेत असेल, तर दिवसभर जो शेतात असतो त्याचा द्या.

स्वतः एकदा फोन करून पाहा. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१. हा फोन मोफत आहे आणि सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत सुरू असतो. बैठकीच्या आदल्या दिवशी, बैठकीच्याच वेळेला, बैठकीच्याच जागेवरून लावून पाहा. मंदिरात रेंज नसेल तर ते आजच कळू दे.

> तपासणी: यादीतल्या प्रत्येक नंबरावर तुम्ही स्वतः एकदा फोन केला आहे का? ज्यांनी उचलला नाही त्यांच्यासमोर खूण करा. बैठकीत सुरुवात त्यांच्यापासून होईल.

## टप्पा २: बैठक फोनपासून सुरू करा, भाषणापासून नको

लोक बसले की पहिली वीस मिनिटे फक्त फोन हातात घ्या. माहिती नंतर.

साध्या बटणाच्या फोनमध्ये मेसेजची जागा मर्यादित असते. रिचार्जच्या जाहिरातींनी ती भरली की नवा मेसेज येतच नाही. मालकाला वाटते, सेवा बंद पडली. म्हणून आधी प्रत्येकाला जुने मेसेज काढून टाकायला लावा. शेजारी बसवून करून घ्या, नुसते सांगून होत नाही.

मग प्रत्येकाला मराठीतला एक चाचणी मेसेज पाठवा. काही जुन्या फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. अशांची नावे लगेच लिहून घ्या. त्यांच्यासाठी मेसेज निरुपयोगी आहे, त्यांना आवाजी कॉलच हवा.

तिसरे काम म्हणजे नंबर साठवणे. रेकॉर्ड केलेला सल्ला अनोळखी नंबरावरून येतो आणि अनोळखी नंबर म्हटला की लोक कर्जवाला किंवा जाहिरातवाला समजून कापतात. ज्या नंबरावरून तुमच्या भागात सल्ला येतो तो "हवामान" किंवा "शेतीसल्ला" या नावाने साठवून द्या. वाचता न येणाऱ्यांसाठी त्या नंबराला वेगळी रिंगटोन लावा. वाजला की कळते.

> सावधान: रेकॉर्ड केलेल्या कॉलवर लोक "हॅलो, कोण?" म्हणत राहतात. पलीकडचा उत्तर देत नाही म्हणून दहा सेकंदांत ठेवून देतात आणि नेमका मुद्दा राहून जातो. बैठकीत असा एक कॉल स्पीकरवर ऐकवा आणि सांगा: उचलायचे, गप्प राहायचे, शेवटपर्यंत ऐकायचे.

## टप्पा ३: हवामानाचा मेसेज वाचायला शिकवा

इथे सर्वात जास्त वेळ द्या. माझ्या मते बैठकीचा जवळजवळ निम्मा वेळ यावरच जावा, कारण सर्वात महाग चुका याच मेसेजच्या वाचनात होतात.

फळ्यावर हे वाक्य लिहा: "लातूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह मध्यम ते मुसळधार पावसाची शक्यता." मग विचारा, पाऊस किती पडणार? बहुतेक जण म्हणतील, तुरळक, म्हणजे थोडा. इथेच थांबा.

"तुरळक ठिकाणी" हे पाऊस किती ठिकाणी पडेल ते सांगते, किती पडेल ते नाही. हवामान विभागाच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या साधारण पाव हिश्श्यापर्यंतच्या ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊण भागापर्यंत, "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याच्याही वर. पाऊस किती, ते पुढचे शब्द सांगतात. मध्यम म्हणजे २४ तासांत सुमारे १५ ते ६४ मिलिमीटर. ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार आणि ११५.६ च्या वर अतिमुसळधार. म्हणजे या वाक्याचा अर्थ असा: तुमच्या शिवारात कदाचित थेंबही पडणार नाही, पण पडला तर कापून ठेवलेली सुडी भिजवायला पुरेसा पडेल.

हा एक मुद्दा पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोघा-तिघांना उभे करून त्यांच्या शब्दांत अर्थ सांगायला लावा.

आता रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. रंग सहसा पूर्ण जिल्ह्यासाठी असतो. पिवळा इशारा आला आणि आपल्या गावात ऊन पडले, तर इशारा खोटा ठरला असे नाही. पण दोनदा असे झाले की लोक तिसऱ्या वेळी मेसेज वाचत नाहीत. म्हणून हे त्यांना आधीच सांगून ठेवा, तरच विश्वास टिकतो.

तिसरी गोष्ट वेळेची. पाच दिवसांचा अंदाज कामाचे नियोजन करायला असतो: कापणी उद्या करायची का, मळणी यंत्र कधी बोलवायचे, फवारणी पुढे ढकलायची का. "पुढील तीन तासांत" असे लिहिलेला इशारा मात्र त्याच क्षणी हालायला असतो. तो आला की नियोजन नाही, सुडीवर ताडपत्री आणि माणसे पक्क्या घरात. झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरशेजारी थांबायचे नाही. विजेसाठी दामिनी हे ॲप स्मार्टफोनवाल्यांनी जरूर ठेवावे, ते जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते.

> सावधान: फिरत आलेल्या मेसेजवर तारीख नसेल तर तो पुढे पाठवू नका. मागच्या वर्षीचा "उद्या अतिवृष्टी" दरवर्षी नव्याने फिरतो आणि त्यावर विश्वास ठेवून लोक हिरव्या शेंगा कापून टाकतात.

आपल्या गटावर करून पाहा. मंगळवारच्या पत्रकात असे आहे समजा: बुधवार कोरडा, गुरुवारी दुपारनंतर तुरळक ठिकाणी विजांसह मध्यम पाऊस, शुक्रवारी काही ठिकाणी, शनिवारपासून उघडीप. गटाला विचारा, कोण काय करणार? ज्याची कापणी झाली आहे आणि मळणी यंत्र बुधवारी मिळते, त्याने मळून माल घरात घ्यावा. ज्याला यंत्र मिळत नाही त्याने बुधवारीच सुडी उंचवट्यावर लावून झाकावी. ज्याचे पीक उभे आहे आणि शेंगा नुकत्याच वाळू लागल्या आहेत, त्याने कापू नये. उभ्या पिकावर पडलेला पाऊस वाऱ्याने लवकर सुकतो, जमिनीवर पसरलेल्या पिकातले दाणे मात्र काळे पडतात, कोंब धरतात. पण शेंगा पूर्ण वाळून फुटायच्या बेतात असतील तर थांबण्यातही तोटा आहे. मेसेज एकच, पण तीन रानांत तीन निर्णय, हे लोकांना डोळ्यांनी दिसू द्या.

## टप्पा ४: बाजारभाव. कोणता आकडा आपला?

भावाच्या मेसेजमध्ये तीन आकडे असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. लोक जास्तीत जास्तवर बोट ठेवतात. तो त्या दिवशीच्या एखाद्या उत्तम ढिगाला मिळालेला असतो. हिशेब सर्वसाधारण दरावर करायचा, आणि माल ओला किंवा डागी असेल तर त्याच्याही खाली.

तीन आकड्यांआधी दोन गोष्टी बघायला शिकवा. एक, तारीख. बाजार बंद असेल तर आधीच्या दिवसाचाच भाव दिसत राहतो. दोन, आवक. ज्या बाजारात आठ-दहा क्विंटलच माल आला, तिथल्या दरावर गाडी भरू नये.

आता फळ्यावर हिशेब मांडा. आकडे उदाहरणाचे आहेत, बैठकीत त्या दिवशीचे घ्या.

एकाकडे १५ क्विंटल सोयाबीन आहे. गावातला व्यापारी जागेवर ४,१५० रुपये देतो. लातूरचा मेसेज: कमी ३,९००, जास्त ४,६००, सर्वसाधारण ४,३५०. टेम्पोचे भाडे १,८००, म्हणजे क्विंटलला १२०. हमाली, तोलाई वगैरे ३० धरू. ४,३५० मधून १५० गेले, हातात ४,२०० राहिले. गावापेक्षा क्विंटलला ५० जास्त, म्हणजे १५ क्विंटलला ७५० रुपये, आणि एक दिवस गेला. ४,६०० डोक्यात ठेवून निघालेल्याला मात्र वाटत होते की पावणेसात हजार जास्त येतील.

आता चौघांनी मिळून ६० क्विंटलची एक गाडी केली आणि भाडे ४,८०० पडले, तर क्विंटलला ८० होतात. हातात ४,२४० येतात आणि फरक ५० वरून ९० वर जातो. गटाने भावाचा मेसेज एकत्र वाचायचा तो यासाठीच.

> तपासणी: माल दाताखाली कट्‌कन तुटतो का? हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनची ओल साधारणपणे १२ टक्क्यांपर्यंतच चालते आणि बाजारातही ओलीप्रमाणे दर पडतो. ओल मोजायचे यंत्र जवळच्या कंपनीत किंवा गोदामात असेल तर गाडी भरण्याआधी मापून घ्या. निघण्यापूर्वी ओळखीच्या आडत्याला एक फोन करा: आज लिलाव आहे का, आपल्या प्रतीला काय चालले आहे?

## टप्पा ५: सल्ला विचारायचा फोन

किसान कॉल सेंटरवर शेतीचे पदवीधर बोलतात आणि त्यांना उत्तर देता आले नाही तर प्रश्न वरच्या तज्ज्ञाकडे जातो. पण त्यांना तुमचे रान दिसत नाही. "सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?" या प्रश्नाला नेमके उत्तर कोणीच देऊ शकत नाही.

म्हणून फोन लावण्याआधी चिठ्ठी लिहायची. जिल्हा, तालुका आणि गाव. पिकाची जात आणि पेरून झालेले दिवस. लक्षण कुठे आहे: वरच्या पानांवर की खालच्या, पूर्ण रानात की पाणी साचलेल्या पट्ट्यात. गेल्या पंधरा दिवसांत काय फवारले, काय टाकले. शेवटचा पाऊस कधी झाला. शेवटचे दोन मुद्दे लोक सांगत नाहीत आणि बहुतेक वेळा उत्तर त्यांतच असते.

बैठकीत सगळ्यांसमोर स्पीकरवर एक खरा फोन लावा. तुम्ही बोलू नका, गटातल्या एखाद्या काकूंना किंवा तात्यांना बोलू द्या. असे काहीसे होते:

"नमस्कार साहेब, चाकूर तालुक्यातून बोलतेय. सोयाबीनला अळी पडलीय."
"ताई, पेरून किती दिवस झाले?"
"चिठ्ठीत लिहिलंय बघा… पंच्याऐंशी दिवस."
"अळी पानं खातेय की शेंगा?"

इथे काकू मागे वळून बघतात, कारण ते पाहिलेलेच नसते. हे सगळ्यांसमोर झाले की पुढच्या वेळी प्रत्येक जण अळी बघून मगच फोन करतो.

सल्ला लिहून घेताना तीन गोष्टी. औषधाच्या कंपनीचे नाव नको, घटकाचे नाव आणि त्यामागचा आकडा हवा. "क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी" असे पूर्ण लिहायचे, कारण तोच घटक दाणेदार स्वरूपात वेगळ्या टक्केवारीने मिळतो. मग प्रमाण: हेक्टरी की एकरी? सोयाबीनमध्ये हे औषध हेक्टरी १५० मिली सांगतात, म्हणजे एकरी ६०. हेक्टरीचा आकडा एकराला धरला की औषध अडीचपट पडते, पैसेही अडीचपट जातात. तिसरे, पंपाला किती? एकरी २०० लिटर पाणी धरले तर हे १० लिटरला ३ मिली बसते. पेट्रोल पंपाने फवारणाऱ्याने हे वेगळे विचारायचे, कारण त्याला पाणी कमी लागते आणि पंपाचे प्रमाण बदलते.

शेवटी ऐकलेले परत म्हणून दाखवायचे: "म्हणजे एकरी साठ मिली, दहा लिटरला तीन, बरोबर?" पलीकडून होकार आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

> सावधान: फवारणीचा सल्ला मिळाला तरी आधी टप्पा ३ मधला हवामानाचा मेसेज बघा. काही तासांत पाऊस असेल तर औषध धुऊन जाते. आणि काढणी जवळ आली असेल तर फवारणी ते काढणी किती दिवसांचे अंतर हवे, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

## टप्पा ६: निरोपाची साखळी

तीन तासांचा इशारा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून भागत नाही. रानात असलेला माणूस ग्रुप उघडत नाही आणि बटणाचा फोन असलेला त्यात नसतोच. त्यासाठी फोनची साखळी लावा. गटात २५ घरे असतील तर पाच जण निवडा, प्रत्येकाने ठरलेल्या चार घरांना फोन करायचा. हे पाच जण गावात राहणारे हवेत, रोज तालुक्याला जाणारे नकोत. त्यात निदान दोन बायका असू द्या. उचलला नाही तर शेजाऱ्याला फोन, हे आधीच ठरवा.

फोनवर बोलायचे वाक्यही ठरवून ठेवा: कधी, काय, काय करायचे. "दोन ते पाचच्या दरम्यान विजा आहेत, सुडी झाकून घरी या." बस, इतकेच.

मेसेज लिहायचा असेल तर आखूड लिहा. देवनागरीत एका साध्या मेसेजमध्ये ७० अक्षरे बसतात आणि काना-मात्राही वेगळी मोजली जाते. त्यापेक्षा लांब झाला तर तो तुकड्यांत जातो आणि जुन्या फोनवर तुकडे मागेपुढे पोचतात. हा मजकूर ७० मध्ये बसतो:

ता. ७, मंगळ: दुपारनंतर विजांसह पाऊस. सुडी झाका. झाडाखाली थांबू नका.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांकडे काहीच जात नाही.

बैठक संपण्याआधी साखळी एकदा चालवून पाहा. पाचही जणांनी एकाच वेळी फोन लावायचे. सगळ्यांपर्यंत पोचायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर कुठे अडले ते बघा. बहुतेक वेळा एखादा नंबर बंद असतो.

## टप्पा ७: फसवणूक ओळखणे

हा टप्पा छोटा, पण चुकवू नका. हवामान, भाव किंवा सल्ला देणारी कोणतीही खरी सेवा ओटीपी, आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील विचारत नाही. शेतकरी योजनेच्या नावाने येणारी .apk अशी फाईल कोणीही पाठवली, अगदी भाच्याने पाठवली तरी उघडायची नाही. सरकारी मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी -G असते, ते दाखवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

## टप्पा ८: पंधरा दिवसांनी परत

पंधरा दिवसांनी अर्ध्या तासासाठी परत या. "कसं चाललंय?" असे विचारू नका, सगळे बरे चालले आहे असेच उत्तर येईल. तीन गोष्टी हातात घेऊन बघा: शेवटचा हवामानाचा मेसेज फोनमध्ये आहे का, कोणी माल विकला असेल तर त्याने सर्वसाधारण दर धरून हिशेब केला का, आणि किसान कॉल सेंटरला फोन केला असेल तर चिठ्ठी कुठे आहे.

ज्याच्या फोनमध्ये मेसेज नाही त्याचा नंबर यादीशी पुन्हा ताडून बघा. सिम बदलले असेल, जागा भरली असेल, किंवा नोंदणीच झाली नसेल. दुरुस्ती त्याच दिवशी नोंदणीच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पुढच्या मंगळवारी किंवा शुक्रवारी त्या माणसाला फोन करून विचारा, आज मेसेज आला का.